चेहऱ्याचा फोटो हलकासा दुरुस्त करायचाय: फोन की कॉम्प्युटर?

प्रश्न: मला एडिटिंगचा अजिबात अनुभव नाही. घरच्या माणसांचे चेहऱ्याचे फोटो थोडे नीट करायचे आहेत, पण ‘एडिट केलाय’ असं दिसायला नको. फोनवरचं फुकट ॲप पुरेल का, की कॉम्प्युटरवर गिम्प शिकावंच लागेल? दोन्ही घेऊन ठेवलंय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: फोनवरून करा, आणि फोनवर स्नॅपसीड वापरा. गिम्प काढून टाकू नका. महिन्याभरात त्याची गरज पडेल, पण ती दोन-तीन ठरावीक कामांसाठीच. ती कामं कोणती हे आधीच माहीत असलं की उगाच सगळं गिम्प शिकत बसावं लागत नाही. मी पोर्ट्रेटचं रिटचिंग बरीच वर्षं करते आहे, आणि आजही साध्या घरगुती फोटोसाठी कॉम्प्युटर उघडत नाही.

‘एडिट केलाय असं दिसायला नको’ हे तुम्ही लिहिलंत, त्यावरच सगळी निवड ठरते. नवशिक्याचा फोटो बिघडतो तो टूल वाईट असल्यामुळे क्वचितच. केलेला बदल नंतर निम्म्यावर आणता येत नाही, म्हणून तो बिघडतो. काम करताना नजर त्या एका डागावर खिळलेली असते, हात थोडा जास्तच चालतो, आणि दुसऱ्या दिवशी चेहरा मेणाचा वाटतो. तेव्हा ‘हे चाळीस टक्क्यांवर आणू’ असं म्हणता आलं तर फोटो वाचतो. म्हणून कोणतंही ॲप किंवा सॉफ्टवेअर हातात आलं की मी एवढंच बघते: केलेला बदल नंतर कमी करता येतो का, आणि तो चेहऱ्याच्या एखाद्याच भागापुरता ठेवता येतो का.

एका बटणात ‘सुंदर’ करणारी बहुतेक फुकट ब्यूटी ॲप इथेच गळतात. ती त्वचा गुळगुळीत करतात, डोळे मोठे करतात, हनुवटी निमुळती करतात, आणि हे सगळं एकाच फिल्टरमध्ये बांधलेलं असतं. स्लायडर असला तरी तो सगळ्यालाच एकदम लागू होतो. काही ॲप फोटो लहान करून सेव्ह करतात किंवा कोपऱ्यात स्वतःचं नाव छापतात. मी सुरुवातीला असल्याच एका ॲपमधून नातलगांच्या फोटोंचा अख्खा संच करून दिला होता. मोठ्या आकारात छापायला घेतला तेव्हा कळलं की ॲपने प्रत्येक फोटोची रुंदी हजार-बाराशे पिक्सेलवर आणून ठेवली होती. मूळ फोटो जपून ठेवले होते म्हणून निभावलं.

स्नॅपसीडला जाहिराती नाहीत, ते फोटोवर छाप मारत नाही आणि पूर्ण आकारात सेव्ह करतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची पायरी `View edits` मध्ये शिल्लक राहते. आवृत्तीनुसार बटणांच्या जागा इकडेतिकडे होतात, पण टूलची नावं साधारण तीच असतात. त्या यादीतली एखादी पायरी उघडून ब्रशचं चिन्ह दाबलं की तो बदल फोटोवरून निघतो, आणि मग तुम्ही बोटाने रंगवाल तिथेच परत येतो. ब्रशचा जोर 100, 75, 50, 25 असा कमी-जास्त करता येतो, आणि शून्यावर तो खोडरबर होतो. फोनवरच्या हलक्या एडिटिंगचं गुपित म्हणाल तर ते या ब्रशमध्ये आहे. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं स्नॅपसीड वापरणाऱ्या कितीतरी जणांनी तो कधी उघडलेलाच नसतो.

आता एक फोटो घेऊन दोन्हीकडे काय होतं ते सांगते. माझ्या आत्याचा फोटो आहे. वय पासष्टच्या पुढे, खिडकीशेजारी बसलेली, चष्मा लावलेला, फोनवर काढलेला. त्यात चार गोष्टी खटकत होत्या. उजव्या गालावर ताजी पुटकुळी, डोळ्यांखाली काळसरपणा, कपाळावर खिडकीच्या उजेडाची चकाकी, आणि एक सुटा केस कपाळावरून उतरून थेट भुवईवर आलेला.

काहीही करण्याआधी गालावर पूर्ण झूम करून बघा. त्वचेची बारीक रंध्रं दिसतात का? दिसत नसतील, गाल आधीच सपाट असेल, तर फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढतानाच त्वचा घोटून टाकली आहे. सेल्फी कॅमेऱ्यात ब्यूटी मोड बऱ्याचदा आधीपासूनच चालू असतो. असल्या फोटोवर स्किन स्मूदिंगला हात लावायचा नाही. गिम्पमध्ये नेऊनही उपयोग नाही, कारण जी रंध्रं फोटोत उतरलीच नाहीत ती कोणतंच सॉफ्टवेअर खरी म्हणून परत आणू शकत नाही. ब्यूटी मोड बंद करून फोटो पुन्हा काढणं हाच त्यावरचा उपाय. आत्याचा फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढलेला होता, त्यामुळे रंध्रं शाबूत होती.

काय काढायचं आणि काय ठेवायचं तेही आधी ठरवून घ्या. आमच्याकडे जुना नियम आहे: दोन आठवड्यांत आपोआप जाणारं असेल ते काढायचं, कायमचं असेल ते ठेवायचं. पुटकुळी, ओरखडा, लागलेली धूळ काढायची. तीळ, जुना व्रण, वांग, सुरकुत्या माणसाच्या ओळखीचा भाग असतात, त्या विचारल्याशिवाय काढायच्या नाहीत. मी एकदा एका बाईंच्या ओठाजवळचा तीळ डाग समजून पुसला होता. फोटो बघून त्यांच्या मुलीने पहिलाच प्रश्न केला, “आईचा तीळ कुठे गेला?” बाकीचं सगळं काम नीट होतं, पण ते कोणी बघितलंच नाही.

फोनवर मी सुरुवात `Tune Image` ने केली. `Highlights` उणे वीसच्या आसपास, `Shadows` अधिक पंधरा. नवख्या माणसाचा हात `Ambiance` कडे जातो, कारण ते वाढवलं की फोटो एकदम उठून दिसतो. पण त्यातून बारीक उजेड-सावलीतला फरक वाढतो आणि म्हाताऱ्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी दिसू लागते. चेहऱ्याच्या फोटोत ते शून्यावरच ठेवा.

मग पुटकुळी. डाग बुजवायचं टूल म्हणजे `Healing`, त्यात ब्रशचा आकार बदलायचा स्लायडर नाही. तुम्ही जितकं झूम कराल तितका ब्रश फोटोच्या मानाने लहान होतो. म्हणून पुटकुळी बोटाच्या टोकाएवढी दिसेपर्यंत जवळ जायचं आणि एकदाच टेकवायचं, घासायचं नाही. घासलं की आजूबाजूची चांगली त्वचाही बदलली जाते आणि तिथे एक मऊ धब्बा उरतो. बाहेर झूम केल्यावर तो ओळखू येतो: गालाचा पोत तेवढ्याच जागी तुटलेला असतो. गालाच्या मधल्या सपाट भागावर हे टूल फार चांगलं चालतं, आत्याची पुटकुळी एका टिचकीत गेली.

डोळ्यांखाली `Healing` वापरू नका. त्यात जोर कमी करायची सोय नाही. काळसरपणाबरोबर डोळ्याखालची खळगी, तिथली घडी सगळं जातं आणि डोळा चिकटवल्यासारखा दिसतो. तिथे `Brush` मधलं `Dodge & Burn`, म्हणजे हवा तेवढाच भाग उजळ किंवा गडद करणारं टूल, घ्या, अधिक पाचवर ठेवा आणि अलगद दोनदा बोट फिरवा. अधिक दहाला हात लावू नका. काळसरपणा निम्म्याने उतरला की थांबायचं. पूर्ण उतरवला तर डोळ्याखालचा भाग गालापेक्षा उजळ होतो आणि उलट्या चष्म्यासारखा पांढरा पट्टा दिसतो, तो लगेच डोळ्यात येतो.

त्वचेचा एकूण पोत थोडा मऊ करायचा असेल तर `Portrait` मधलं `Skin Smoothing` मी पंधरा-वीसपर्यंत नेते, मग `View edits` मध्ये जाऊन त्याच पायरीचा ब्रश उघडते आणि ते फक्त गालांवर आणि कपाळावर 50 च्या जोराने रंगवते. ओठ, नाकाच्या कडा, भुवया, केसांची रेघ यांच्यावर रंगवायचं नाही. चेहरा खरा वाटतो तो या कडांमुळे, त्या धारदार राहिल्या की गालावर केलेलं काम लपून जातं.

इथवर सहा-सात मिनिटं गेली. पुढच्या दोन गोष्टींना मात्र फोन अडला.

पहिली अडचण कपाळावरची चकाकी. `Dodge & Burn` उणे पाचवर घेऊन ती गडद केली तर तिथे राखाडी डाग पडला. कारण साधं आहे. चकाकीच्या मध्यभागी त्वचेचा रंगच उरलेला नसतो, तिथे जवळजवळ पांढरं असतं, आणि पांढरं गडद केलं की राखाडीच होणार. तिथे त्वचेचा रंग बाहेरून आणून भरावा लागतो, आणि स्नॅपसीडमध्ये रंग उचलून भरायची सोय नाही. दुसरी अडचण तो सुटा केस. कपाळावरचा त्याचा भाग `Healing` ने गेला, पण भुवईत शिरल्यावर तिथले केस फराटल्यासारखे झाले. दुरुस्तीसाठी त्वचा कुठून उचलायची हे ॲप स्वतःच ठरवतं, तुम्हाला सांगता येत नाही. म्हणून कडेजवळ ते हमखास चुकतं: भुवई, ओठाची रेघ, केसांची मुळं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चष्म्याची दांडी. दांडीलगतचा डाग काढायला जावं तर दांडीच वाकते.

तर गिम्प लागतं ते या दोन कामांसाठी. तेवढंच शिका. फोटो उघडल्यावर पहिलं काम म्हणजे `Shift+Ctrl+D` दाबून लेयरची प्रत काढायची. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कागदांसारखा फोटोचा एक थर. खालच्या मूळ लेयरला कधीच हात लावायचा नाही. प्रतीवर `Heal` टूल घ्यायचं. यात आणि फोनमध्ये फरक असा की `Ctrl` दाबून क्लिक केलं की त्वचा कुठून उचलायची ते तुम्ही ठरवता. आत्याच्या भुवईसाठी मी भुवईच्याच थोड्या डावीकडच्या भागावर `Ctrl` क्लिक केलं, जिथे केसांची दिशा तीच होती, आणि चौकटी कंसाची बटणं वापरून ब्रश भुवईच्या जाडीच्या निम्म्याएवढा लहान केला. मग त्या सुट्या केसावर छोटे छोटे ठिपके दिले. ओढून रेघ मारली असती तर इथेही फराटा उमटला असता. कीबोर्डवरचं `1` दाबलं की फोटो शंभर टक्के आकारात दिसतो, काम त्याच आकारात करायचं.

चकाकीसाठी वर एक नवा पारदर्शक लेयर घेतला आणि त्याचा मोड `Darken only` केला. चकाकीच्या शेजारची नीट दिसणारी त्वचा रंग उचलायच्या टूलने, म्हणजे `O` दाबून, उचलली. मग मऊ कडेचा मोठा ब्रश घेतला, त्याची ओपॅसिटी, म्हणजे रंग किती दाट उमटतो ते, वीस टक्क्यांवर ठेवली आणि तो कपाळावर सावकाश फिरवला. या मोडमध्ये उचललेल्या रंगापेक्षा जे उजळ असेल तेच बदलतं. आधीच गडद असलेल्या सुरकुत्या, रंध्रं, भुवयांची टोकं जशीच्या तशी राहतात. शेवटी लेयरची ओपॅसिटी पस्तीसवर आणली. चकाकी पूर्ण काढली नाही, कारण खिडकीचा उजेड कपाळावर पडणारच. तो अजिबात दिसला नाही तर चेहरा चपटा होतो आणि बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

डोळ्यांखालचं कामही गिम्पमध्ये जास्त सुबक होतं, खरं सांगायचं तर. लेयरची आणखी एक प्रत काढायची, त्यावर गालाच्या वरच्या भागातली त्वचा उचलून डोळ्याखालचं काळं पूर्ण बुजवायचं. हो, पूर्ण, बघायला अगदी विचित्र दिसेपर्यंत. मग त्या लेयरची ओपॅसिटी चाळीसच्या आसपास उतरवायची. खालचा खरा डोळा साठ टक्के वर येतो, घडी परत दिसते, थकवा मात्र कमी झालेला असतो. आधी जास्त करून मग उतरवायचं, ही गोष्ट फोनवरच्या `Healing` मध्ये होत नाही, आणि गिम्पकडे जायचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. लेयरला नाव देऊन ठेवा, ‘डोळे’, ‘कपाळ’ असं काहीही. महिन्याने फाइल उघडल्यावर कोणता लेयर कशाचा ते आठवत नाही.

हे सगळं करायला मला पंचवीस मिनिटं लागली. तुम्हाला पहिल्यांदा दीड तास लागेल, त्यातला अर्धा टूल शोधण्यात जाईल. पेन टॅब्लेट घ्यायची गरज नाही, माउस चालतो. टचपॅडवर मात्र ब्रश चालवू नका, हात थरथरतो आणि चिडचिड होते.

गिम्पमध्ये नवशिका माणूस हमखास अडखळतो ते सेव्ह करताना. `Ctrl+S` ने `.xcf` फाइल बनते, ज्यात सगळे लेयर शाबूत असतात, पण ती फोनवर साधारण उघडत नाही. पाठवण्यासाठीची `.jpg` हवी असेल तर `Shift+Ctrl+E`, म्हणजे `Export As`. दोन्ही करायचं. फक्त जेपीजी ठेवली तर लेयर गेले, आणि नंतर उतरवायची सोयही गेली. क्वालिटी नव्वदच्या पुढे ठेवा.

त्वचेवरच्या लालसर-काळसर पट्ट्यांसाठी गिम्पमध्ये `Wavelet-decompose` नावाचा फिल्टर आहे. तो फोटोचे थर पाडतो: काहींत बारीक पोत, काहींत मोठे मंद डाग. त्यामुळे रंध्रांना धक्का न लावता फक्त डाग मऊ करता येतात. काम फार छान होतं, पण पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या नादी लागू नका. थर चुकला की तोच मेणाचा चेहरा, फक्त जास्त मेहनतीने.

कॉम्प्युटरवर काही बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, लेयर आणि हीलिंग ब्रश त्यातही मिळतात, जाहिराती सोसाव्या लागतात. डार्कटेबल मुख्यतः कॅमेऱ्याच्या रॉ फाइल्ससाठी आहे. तुम्ही फोनच्या जेपीजीवर काम करणार असाल तर सध्या त्याच्याकडे वळू नका.

पडद्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यातून झालेली चूक टूलच्या माथी मारली जाते. फोनचा पडदा बऱ्याचदा रंग भडक दाखवतो. सेटिंगमध्ये नैसर्गिक रंगांचा पर्याय असेल तर तो घ्या, रात्रीचा पिवळा मोड बंद करा आणि ब्राइटनेस आपोआप बदलू देऊ नका. पिवळ्या पडद्यावर चेहऱ्याचा रंग दुरुस्त केला तर दुसऱ्या दिवशी माणूस निळसर आजारी दिसतो. स्वस्त लॅपटॉपचा पडदा वरून-खालून बघितला की उजेड बदलतो, म्हणून तिथे डोक्याची जागा न बदलता बघायचं. मी फोनवर केलेला फोटो कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवर केलेला फोनवर एकदा उघडून बघते. दोन्हीकडे चेहरा माणसाचा वाटला तर तो खरा.

थांबायचं कधी, याची खूण लहान आकारात मिळते. झूम केलेलं असताना तुम्हाला डाग दिसतात, चेहरा दिसत नाही. गिम्पमध्ये `Shift+Ctrl+J` ने पूर्ण फोटो खिडकीत बसवा, फोनवर दोन बोटांनी पूर्ण बाहेर या, आणि मूळ फोटोशी अदलाबदल करून बघा. गिम्पमध्ये लेयरच्या डोळ्याचं चिन्ह दाबायचं, स्नॅपसीडमध्ये मूळ फोटो दाखवणारं बटण दाबून धरायचं. अदलाबदल करताना एखाद्या ठिकाणी चेहरा हललेला, सुजलेला किंवा वेगळ्याच माणसाचा वाटला, तर त्या पायरीची ओपॅसिटी निम्मी करा. फरक जाणवतोय पण बोट ठेवून दाखवता येत नाही, अशा वेळी फोटो झाला समजायचं.

पुढचे चार-पाच फोटो फोनवरच करा आणि प्रत्येकात नेमकं कुठे अडलात ते लिहून ठेवा. अडचण भुवईजवळ, चष्म्याजवळ किंवा चकाकीवर आली तर तो फोटो गिम्पमध्ये न्या. तिथे फोनवरून सेव्ह केलेली प्रत नाही, मूळ फोटोच उघडा, कारण एकदा जेपीजी झालेल्या कामावर दुसऱ्यांदा काम केलं की गालावर बारीक चौकोनी खडी उमटते. फोटो कॉम्प्युटरवर नेताना मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून पाठवू नका, त्यात तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ केबल लावा.